बिल ७०,८०० चं, खात्यात ६३,७२०

मी पुण्यात फ्रीलान्स ग्राफिक डिझाइनचं काम करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका कंपनीला कॅटलॉगच्या कामाचं बिल दिलं: ६०,००० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. महिनाअखेरीस खात्यात आले ६३,७२०.

क्लायंट पैसे देतानाच जो आयकर कापून सरकारला भरतो, तो टीडीएस कापला जाणार हे धरलेलंच होतं. आयकर कायद्याच्या कलम १९४-जे खाली फीच्या १० टक्के, म्हणजे ६,००० कापून ६४,८०० यायला हवे होते. १,०८० रुपये कमी पडत होते, आणि १०,८०० चे दहा टक्के नेमके तेवढेच होतात. म्हणजे त्यांनी जीएसटीवरही टीडीएस कापला होता.

अकाउंट्समधल्या मॅडमना फोन केला. "आम्ही टोटलवरच कापतो," त्या म्हणाल्या. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो वगळून टीडीएस कापायचा, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं, म्हणजे सीबीडीटीचं, २०१७ चं परिपत्रक क्रमांक २३ आहे. ते मेलने पाठवलं आणि त्याच दिवशी पाठपुरावा केला, कारण नोव्हेंबरचा कापलेला कर ७ डिसेंबरपर्यंत सरकारजमा व्हायचा होता. चलन भरलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी नोंद बदलली आणि १,०८० रुपये पाठवले. चलन भरून झालं असतं, तर ती रक्कम माझ्या पॅनवर जमा झाली असती आणि रिटर्न भरेपर्यंत अडकली असती. पैसे बुडत नाहीत, पण हातातही राहत नाहीत. फ्रीलान्सरला हा फरक फार जाणवतो.

हिशेबाच्या वहीत मी उत्पन्न ६०,०००च लिहिलं आणि ६,००० 'टीडीएस येणे' या खात्यात टाकले. खात्यात आलेली रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. जीएसटीही पूर्ण १०,८०० भरला.

पुढची पडताळणी फेब्रुवारीतली. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस विवरण कंपनीने ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्याआधी आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये नोंद शोधण्यात अर्थ नाही. या बिलाची नोंद दिसली: दिलेली रक्कम ६०,०००, कर ६,०००, स्थिती 'F', म्हणजे अंतिम. कंपनीकडून आलेल्या फॉर्म १६एशी, म्हणजे कर कापल्याच्या प्रमाणपत्राशी, आकडे ताडून पाहिले, जुळले.

दुसऱ्या एका क्लायंटची नोंद मात्र फेब्रुवारी सरला तरी दिसेना. कर कापला होता, भरलाही होता, पण विवरणात माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं. असं झालं की कापलेला कर आपल्या नावावर येतच नाही, आणि आपल्याला ते दुरुस्त करता येत नाही. त्यांनाच सुधारित विवरण भरावं लागतं. मी बिल, बँकेची नोंद आणि पॅनकार्डाची प्रत पाठवून ते भरून घेतलं. नोंद आल्यावरच जुलैत रिटर्न भरलं.