एका लेयरवरचं चित्र तीन थरांत सोडवताना

चित्र आधीच रंगवून झालं होतं. मागे डोंगर, मधे घर आणि शेजारी झाड, अगदी पुढे झुडपं. सगळं एकाच लेयरवर, ही माझी पहिली चूक. शॉट आठ सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम धरून 192 फ्रेम, आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकणार. चित्राला खोली यावी म्हणून ते कापायचं, तीन लेयर वेगवेगळ्या वेगाने सरकवायचे, झालं, असं मला वाटलं होतं.

पहिल्याच चाचणीत झुडपं बाजूला झाली आणि मागे झुडपांच्याच आकाराची भोकं उघडी पडली. मग कागद घेऊन आधी वेग ठरवले. वस्तू जितकी लांब तितकी ती कमी सरकते: अंतर पाचपट तर सरकणं एक पंचमांश. घराचा थर फ्रेमला 5 पिक्सेल ठेवला, म्हणून पाचपट लांबचे डोंगर 1 पिक्सेल, आणि जवळची झुडपं 8. पूर्ण शॉटमध्ये घर 960 पिक्सेल सरकतं, डोंगर 192, झुडपं 1536. फ्रेम 1920 रुंद, म्हणजे डोंगरांचा थर 2112, घराचा 2880 आणि झुडपांचा 3456 पिक्सेल रुंद हवा. पुढचा थर सर्वांत रुंद लागतो, हे मला आधी उलटंच वाटत होतं.

भोकांचं गणितही यातूनच सुटलं. झाड डोंगरांच्या तुलनेत 768 पिक्सेल सरकतं आणि झाडाची रुंदी होती 400. त्यामुळे त्याच्या मागचा डोंगर कधी ना कधी पूर्ण दिसणारच, तो सगळा रंगवावा लागला. झुडपांमागची जमीनही तशीच.

खरा वैताग जमिनीने दिला. घरापासून पुढे येणारी पायवाट झुडपांच्या थरापाशी कापली होती. कॅमेरा हलला की तिथे वाट तुटून दोन तुकडे एकमेकांवरून घसरत. कड धूसर करून पाहिली, तर घसरणं तेवढंच, फक्त धूसर. शेवटी जमीन आणि वाट पूर्ण मधल्या थरावर नेली आणि पुढच्या थरावर फक्त झुडपं ठेवली, तीही अशी की त्यांची बुडं फ्रेमच्या खालच्या कडेखाली जातील. बूड दिसलं नाही की ते जमिनीवर घसरतंय हे कळतच नाही.

तरीही काहीतरी खटकत होतं. झाड ठीक सरकत होतं, पण झाड मुळापाशी तरंगतंय असं वाटे. दोन दिवसांनी लक्षात आलं: कापताना झाडाची सावली चुकून पुढच्या थरात गेली होती, आणि ती झाडाला मागे टाकून पुढे पळत होती.