काळी दिसली म्हणून चिकण म्हटली

माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करताना दिवसाला चारदोन तरी फोटो मोबाईलवर येतात. तळहातावर मूठभर माती असते आणि खाली एका ओळीचा प्रश्न असतो. गेल्या उन्हाळ्यात भीमाकाठच्या एका तरुण शेतकऱ्याने असाच फोटो पाठवून विचारले होते, "मॅडम, माती काळी चिकण आहे. प्लास्टिकचा कागद न टाकता शेततळे पाणी धरेल ना?" फोटोतला गोळा काळाभोर आणि घट्ट दिसत होता, त्यावर बोटांचे ठसे उमटले होते. हातातले काम संपवण्याच्या घाईत मी "धरायला हरकत नाही" असे लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून पाहिला, तेव्हा आधी खटकला तो त्याचा तळहात. काळी चिकण माती ओली असताना मुठीत दाबली, तर ती हाताच्या रेषांत जाऊन बसते आणि हात झटकला तरी काळसर लेप मागे राहतो. इथे गोळ्याभोवतीच्या रेषा स्वच्छ होत्या आणि त्यांवर सुटे कण मोहरीसारखे पसरले होते. मग गोळ्याच्या कडा पाहिल्या. चिकण मातीचा दाबलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तिरप्या उजेडात तो किंचित चमकतो. हा मात्र खरखरीत होता आणि एका बाजूने रवाळ होऊन ढासळू लागला होता.

रंगाने मला फसवले, कारण आपल्याकडे काळा म्हणजे भारी हे समीकरण डोक्यात पक्के बसलेले असते. सपाट पठारावरच्या खोल काळ्या जमिनीपुरते ते बरेचसे खरेही आहे. पण दख्खनच्या नद्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातून वाहतात, त्यामुळे त्यांच्या वाळूतही काळपट कण भरपूर असतात. त्यातच कोणतीही माती ओली झाली की वाळलेल्या मातीपेक्षा बरीच गडद दिसते, आणि हा फोटो मावळतीच्या उजेडात काढलेला होता. (कोकणात याच्या उलट घडते. तिथल्या तांबड्या मातीत लोहाच्या संयुगांमुळे चिकणमातीचे कण एकमेकांना बांधले जाऊन तिचे बारीक दाणे होतात, म्हणून ती वरवर पाहता पोयट्यासारखी मोकळी दिसते.) गोळा बांधला गेला, हाही पुरावा नव्हता, कारण ओल्या वाळूचासुद्धा लाडू वळतो, कणांमधले पाणी त्यांना तेवढ्यापुरते धरून ठेवते.

मी लगेच फोन करून कालचे उत्तर मागे घेतले आणि पुन्हा फोटो मागवले: सावलीत, भर दिवसा, शेजारी एक नाणे ठेवून. पहिला फोटो कोरड्या ढेकळाचा हवा होता, दुसरा ओल्या गोळ्याला बोटाने टोचल्यावरचा आणि तिसरा माती टाकून दिल्यावरच्या रिकाम्या तळहाताचा. चिकण मातीचे कोरडे ढेकूळ कोनदार आणि दगडासारखे कडक असते, टोचलेल्या ओल्या गोळ्यात नुसता खड्डा पडतो. पोयट्याचे ढेकूळ बोटांनी दाबले की भुगा होतो, त्यात लहान गोलसर कण दिसतात, आणि टोचले की गोळ्याचे दोनतीन तुकडे होतात. वाळूसर माती कोरडी असताना ढेकूळच धरत नाही. त्याच्या फोटोत ढेकूळ होते, पण नाण्याएवढे, नखाने फुटणारे. टोचलेला गोळा जागच्या जागी विस्कटला होता आणि रिकाम्या हातावर फक्त पुसट धूळ होती. वाळू जास्त असलेला पोयटा, असा माझा अंदाज झाला.

फोटोवर आणखी विसंबायचे नव्हते, म्हणून त्याला एक सरळ उभी काचेची बरणी घ्यायला सांगितले. तिच्यात तिसरा भाग माती, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून ती जोराने हलवायची आणि मग स्थिर ठेवायची. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोनेक तासांत बसतो तो गाळ, आणि चिकणमातीचा थर बसायला दिवस जातो, कधी अधिकही. दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी लावून मोजले: एकूण थर 10 सेंटीमीटर, त्यात वाळू साडेसहा, गाळ अडीच आणि चिकणमाती जेमतेम एक. थराच्या उंचीवरचे हे प्रमाण ढोबळच असते, पण कागदाशिवाय तळे धरणार नाही हे ठरवायला ते पुरेसे होते.

एवढे झाल्यावर मला दुसरी चूक उमगली. ती माती त्याने नांगरटीच्या थरातून उचलली होती आणि तळे खोदायचे होते 3 मीटर. पाणी धरायचे असते तळाने आणि बाजूंनी, वरच्या वीतभर मातीने नव्हे. म्हणून त्याला एक खड्डा घेऊन दर अर्ध्या मीटरवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत आणायला सांगितले. चार दिवसांनी त्याने पिशव्या माझ्या टेबलावर मांडल्या. दीड मीटरपासूनच्या पिशवीत हात घातला तर बोटांच्या फटींतून निव्वळ वाळू गळली. "कागदाचे माप घेऊनच आलोय मॅडम," तो म्हणाला.