दोन पंचमांश

सातवीचा वर्ग, चौथा तास, अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर १/२ + १/३ एवढंच लिहिलं होतं. छेद समान करायची रीत आदल्या दोन दिवसांत तीनदा करून दाखवली होती, त्यामुळे मी निर्धास्तपणे बाकांमधून फिरत होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने उत्तर लिहिलं होतं २/५. शेजारच्या वहीत तेच. मागच्या बाकावरही तेच.

पुढचं जसं घडलं तसंच लिहिते. मी त्या मुलाची वही उचलली, वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि उत्तर मोठ्याने वाचलं. त्याला उद्देशून एक वाक्य बोलले, ते इथे लिहीत नाही; का, ते पुढे येईलच. चारदोन मुलं हसली. तर मी त्यांच्यावर उलटले. "हसताय काय? तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी. मठ्ठ आहात. तुम्हाला शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे." डस्टर टेबलावर आपटलं. पांढरी धूळ उडाली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कंपासपेटीवर बसली. तिने ती पुसलीसुद्धा नाही. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली.

तास संपायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत वर्ग इतका शांत होता की एखाद्या तपासणीला आलेल्या माणसाने माझं कौतुक केलं असतं. पण ही शांतता कसली, ते कळायला फार हुशारी लागत नाही. मी गणित पुन्हा सोडवून दाखवलं, "समजलं?" विचारलं, चाळीस माना एकदम हलल्या. एरवी या वर्गात "बाई, ते सहा कुठून आले?" असं विचारणारी निदान तीन मुलं आहेत. त्या दिवशी सहा कुठून आले, हे कोणालाही जाणून घ्यायचं नव्हतं. आणि तो मुलगा खोडरबराने २/५ खोडत होता. आकडे कधीच गेले होते, तरी तो खोडतच राहिला. शेवटी कागदाला भोक पडलं, त्यातून खालच्या पानावरच्या निळ्या रेघा दिसायला लागल्या.

मी संध्याकाळी पत्र लिहायला बसले. तोंडीच बोलता आलं असतं. पण माझं मला माहीत आहे, वर्गासमोर आयत्या वेळी बोलायला लागले की मी भाषण करते, आणि भाषणात माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो.

पहिला खर्डा चार ओळींचा झाला: "मुलांनो, काल रागाच्या भरात माझ्याकडून काही बोललं गेलं. कोणाला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व. पण तुम्हीही समजून घ्या, मी जे बोलते ते तुमच्या भल्यासाठीच. झालं गेलं विसरून जाऊ."

वाचायला बरं वाटलं. मग मुलांच्या वह्या तपासते तशी लाल पेन घेऊन बसले. "बोललं गेलं" – कोणाकडून? मराठीत कर्त्याला वाक्यातून हळूच बाहेर काढणं फार सोपं आहे. बोललं गेलं, तोंडातून निघून गेलं, आवाज चढला. शब्द आपले आपण निघालेले, आवाज आपला आपण चढलेला, आणि बाई कुठे होत्या कोण जाणे. मी "मी बोलले" केलं. "रागाच्या भरात" हीसुद्धा सबबच; जणू राग गाडी चालवत होता आणि मी मागच्या सीटवर बसले होते. ते काढलं. "वाईट वाटलं असेल तर" यातला "तर" तर शुद्ध चलाखी. त्या मुलाच्या वहीला भोक पडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग शंका कसली? "पण"पासून पुढचं सगळं एका रेघेत गेलं. आणि "विसरून जाऊ" म्हणजे विसरायचं कामही मुलांनीच करायचं.

राहिलं ते "काही". मी "काही" बोलले नव्हते, ठरावीक शब्द बोलले होते. ते पत्रात लिहायचे की नाही, यावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. लिहिले तर घाव पुन्हा उघडतो. नाही लिहिले तर मुलांना वाटणार, बाईंना आपण काय बोललो तेच नीट माहीत नाही, किंवा ते सांगायची लाज वाटते. शेवटी ठरवलं, जे सगळ्या वर्गाला बोलले ते जसंच्या तसं लिहायचं. जे एकट्या मुलाला बोलले ते पुन्हा चाळीस जणांसमोर उच्चारायचा मला हक्क नाही. ते त्याच्यापाशी जाऊन.

त्या आठवड्यात मला झोप पुरत नव्हती, घरी आजारपण होतं. हे लिहायचा मोह झाला होता, आणि ते खोटंही नव्हतं. पण बारा वर्षांच्या मुलाच्या हातात हे दिलं की तो माझी कीव करणार आणि स्वतःचं दुखणं गिळून टाकणार. म्हणून ते पत्रात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी त्या मुलाला व्हरांड्यात गाठलं. वर्गाबाहेर बोलावून घेणं म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या नजरा, म्हणून तो येतानाच. मी त्याला बोलले होते ते वाक्य पुन्हा उच्चारून म्हणाले, "हे मी तुला बोलले. ते खोटं होतं, आणि बोलायला नको होतं. माझं चुकलं." तो बुटाच्या टोकाने फरशीची फट कोरत होता. "ठीक आहे," म्हणाला, वर न बघता. ते ठीक नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आग्रह धरला नाही. फक्त विचारलं, वर्गात पत्र वाचणार आहे, वहीचा उल्लेख करू का? "वहीचं सांगा," तो म्हणाला. "माझं नाव नको."

स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मुलांची माफी? अगं, डोक्यावर बसतील." त्यांची भीती अगदीच निराधार नाही. माफी आणि सूट यांची गल्लत होऊ शकते. पण ती टाळायची जागा पत्रात नाही, पत्रानंतर आहे.

पत्र घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं होतं, ते एवढ्यासाठी की वर्गात रडू येऊ नये. बाई रडल्या की माफी बाजूला राहते आणि मुलं बाईंची समजूत काढत बसतात. वाचलं ते असं:

"मुलांनो, काल चौथ्या तासाला मी तुमच्यापैकी एकाची वही वर धरून त्यातली चूक सगळ्यांना दाखवली. नंतर मी तुम्हाला मठ्ठ म्हणाले. तुम्हाला शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे, असंही म्हणाले. डस्टर आपटलं.

हे मी केलं आणि ते चूक होतं. तुम्ही काही केलंत म्हणून ते घडलं नाही. गणित चुकणं हा गुन्हा नाही. चुकलेलं गणित बघायलाच मी वर्गात येते. काल चूक दिसल्यावर ती कशी झाली हे मी विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही.

मी बोलल्यावर तुम्ही प्रश्न विचारणं बंद केलंत. ते मला दिसत होतं, तरीही मी तास तसाच पुढे नेला. ही दुसरी चूक.

मी तुमची माफी मागते. तुम्ही मला काही उत्तर द्यायला हवं असं नाही, आज नाही आणि नंतरही नाही.

यापुढे मी कोणाचीही वही त्याला विचारल्याशिवाय वर्गाला दाखवणार नाही. कोणाच्या बुद्धीबद्दल शब्द वापरणार नाही. मला राग येणार नाही असं सांगत नाही, तो येईल. आला की मी खडू खाली ठेवून थोडा वेळ गप्प राहीन. हे पत्र फळ्याशेजारी लावते आहे, म्हणजे मी यातलं काही मोडलं तर तुम्हाला दाखवता येईल."

"मला माफ कराल ना?" हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. बाई समोर उभ्या असताना त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते चाळीस जण सुरात देतात.

वाचून झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी जवळ आलं नाही. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग कालचा गृहपाठ माफ?" सगळे हसले, मीही. "नाही," म्हटलं. "माफी मी मागितली आहे, तुमचा गृहपाठ उद्या टेबलावर हवा." डोक्यावर बसण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

मग मी फळ्यावर पुन्हा १/२ + १/३ लिहिलं आणि विचारलं, "२/५ उत्तर यायला डोक्यात काय काय विचार येत असेल? हे उत्तर कोणाचं, ते नकोय मला. विचार काय, तेवढं सांगा." बराच वेळ कोणी बोलेना. मी खडू खाली ठेवला. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला: "बाई, पेपरात एका प्रश्नाला दोनपैकी एक मार्क मिळाला, दुसऱ्याला तीनपैकी एक, तर पाचपैकी दोनच होतात ना?"

मी क्षणभर गप्पच झाले. होतात की! मार्कांची बेरीज करताना वरचे वर आणि खालचे खाली असेच मिळवतात, आणि ती मुलं गेली कित्येक वर्षं पेपरावर तेच बघत आली होती. मठ्ठपणा कुठला, चुकीच्या जागी लावलेला बरोबर नियम होता तो. इतकी वर्षं शिकवते आहे, पण २/५ मागचा हा विचार मी कोणाला विचारलाच नव्हता.

मग आम्ही सहा चौकोनांची पट्टी काढली. तिचा अर्धा भाग तीन चौकोन, तृतीयांश भाग दोन चौकोन. मिळून सहापैकी पाच. "मार्कांच्या वेळी प्रश्न दोन वेगळे होते," मी म्हणाले, "इथे पट्टी एकच आहे." एका मुलाने विचारलं, "पण २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्यात मिळवून कमी कसं होईल?" मी ही गोष्ट तीनदा रीत दाखवतानाही बोलले नव्हते. आणि सहा कुठून आले, हे त्या दिवशी दोघांनी विचारलं.

यानंतर महिनाभरात माझा आवाज दोनदा चढला. म्हणजे, मी दोनदा आवाज चढवला. एकदा एका मुलीने नुसतं फळ्याशेजारच्या कागदाकडे बघितलं, ते पुरलं.

तो मुलगा अजून वही कोपराने झाकतो. मी त्याच्या बाकाच्या अलीकडे थांबते आणि विचारते, "बघू का?" कधी तो कोपर काढतो. कधी म्हणतो, "अजून नाही झालं," आणि मी पुढच्या बाकाकडे जाते.