तुम्ही विचारलंत म्हणून: गॅपबद्दल मागाहून लिहायचा मेल

"मुलाखतीत त्यांनी माझ्या नोकरीतल्या गॅपबद्दल विचारलं आणि मला नीट सांगताच आलं नाही. आता मेल करू का? काय लिहू?"

करा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत करा. मत ठरून गेल्यावर आलेला खुलासा फारसा कुणी वाचत नाही. मुलाखतीची वेळ ज्या मेलमध्ये कळवली होती, त्यालाच उत्तर द्या, म्हणजे तो योग्य माणसापर्यंत जातो.

मी भरतीच्या कामात आहे. गॅपबद्दल विचारताना आमच्या मनात दोनच शंका असतात: ते कारण अजून चालू आहे का, आणि मधल्या काळात काम विसरलंय का. उमेदवार मात्र घरची सगळी हकिगत सांगत बसतो आणि या दोन्ही शंका तशाच राहतात.

माझ्या ओळखीतल्या एका अकाउंटंट बाईंचं असंच झालं. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून त्यांनी नोकरी सोडली होती. मुलाखतीत "साधारण दोन वर्षं" म्हणाल्या आणि गळा दाटून आला. आम्ही मिळून मेल लिहिला. तो इंग्रजीत गेला, मराठीत सांगायचं तर असा:

"काल माझ्या गॅपबद्दल बोलणं झालं, त्यात थोडी भर घालते. जून 2021 ते ऑगस्ट 2023 मी वडिलांच्या आजारपणामुळे घरी होते. आता त्यांच्यासाठी पूर्णवेळ मदतनीस आहे, त्यामुळे मी ऑफिसच्या वेळेत येऊ शकते. त्या काळात मी एका दुकानाचं GSTR-1 आणि GSTR-3B दरमहा भरत होते. ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइसची मर्यादा पाच कोटींच्या उलाढालीवर आली. तुमच्या बिलिंगच्या कामात तो बदल मला हाताळता येईल."

एवढंच. वडिलांचे रिपोर्ट जोडायचं त्यांच्या मनात होतं, मी नको म्हटलं. आजारी माणसाची कागदपत्रं परक्यांच्या मेलबॉक्समध्ये जाऊ नयेत, आणि ती कुणी मागितलीही नव्हती. "माफ करा" हा शब्दही मी काढायला लावला. वडिलांची सेवा केली, त्याची माफी कसली?

महिने मात्र अगदी नेमके लिहा. कंपन्या पडताळणीत पीएफच्या नोंदी बघतात. युएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. गॅप लहान दिसावा म्हणून आधीची नोकरी तीन महिने ताणणारे तिथेच सापडतात, आणि हातात आलेली ऑफरही जाते. मेल पाठवण्याआधी तुमची नोंद उघडून रिलीव्हिंग लेटरशी ताडून पाहा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.

तुम्ही काहीच शिकला नसाल, कुठलंच काम केलं नसेल, तर ते रचून लिहू नका. "कारण संपलं आहे, अमुक तारखेपासून रुजू होऊ शकते" एवढ्या दोन ओळी पाठवा.