कुर्ती, ओढणी आणि ३८ चा घोळ
ऑनलाइन विकायच्या कुर्तीचं लिस्टिंग पब्लिश करणारच होते, तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या थांब गं, मी गिऱ्हाईक म्हणून वाचते. टायटलमध्ये प्युअर कॉटन आणि तिसऱ्या बुलेटमध्ये रेयॉन, कारण ती जुन्या लिस्टिंगवरून कॉपी मारलेली! फोटोत मॉडेलने ओढणी घेतलीय, पाकिटात नुसती कुर्ती. पण खरी गोची साइज चार्टमध्ये. एमला छाती ३८, ती अंगाची की कपड्याची? कुर्ती पसरून टेप लावली, काखेपासून काखेपर्यंत २० इंच, म्हणजे घेर ४०, म्हणजे ३८ हे अंगाचं माप, आणि बुलेटमध्ये मी 'मापं कपड्याची' असं ठोकून दिलेलं. ३८ छातीवाली बाई ते वाचून एल मागवणार आणि सैल झाली म्हणून परत पाठवणार. शेवटी चार्टमध्ये दोन्ही रकाने टाकले, ओढणीवाला फोटो उडवला. तोवर कुकरमधला भात करपला तो वेगळाच 😅