आई मार्चमध्ये साठीची झाली आणि विवरणपत्राचं गणित बदललं

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मार्च २०२३ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे तिने बँकेत मुदत ठेवीत ठेवले. तिचं आयकराचं विवरणपत्र मीच भरते. २०२४-२५ चं भरायला बसले तेव्हा आदल्या वर्षीचा कागद समोर ठेवून तसंच उतरवत होते, आणि तिथेच चुकत होते.

आदल्या वर्षी मी कलम ८०टीटीए लावलं होतं. त्यात फक्त बचत खात्याचं व्याज धरतात, तेही १०,००० रुपयांपर्यंत. मुदत ठेवीच्या व्याजाला काहीच सूट नाही. साठीच्या आतल्या सगळ्यांना हेच लागू. माझ्या स्वतःच्या बचत खात्यावर १३,००० व्याज आलं, त्यातले १०,००० वजा झाले, आणि ठेवीचे २२,००० पूर्णच्या पूर्ण उत्पन्नात गेले.

पण आईला २० मार्च २०२५ ला साठ पूर्ण झाली. आर्थिक वर्ष संपायला अकरा दिवस उरले होते. मला वाटलं, वर्षभर ती एकोणसाठचीच होती, तेव्हा ज्येष्ठ नागरिक पुढच्या वर्षापासून. कायदा तसं म्हणत नाही. त्या वर्षात कोणत्याही दिवशी साठ पूर्ण झाली की ते सगळं वर्ष ज्येष्ठ नागरिकाचं. मग ८०टीटीए बंद होतं आणि ८०टीटीबी सुरू होतं: बँक, सहकारी बँक आणि पोस्ट यांच्याकडच्या बचत, मुदत आणि आवर्ती ठेवींचं सगळं व्याज एकत्र धरून ५०,००० पर्यंत वजावट. कंपन्यांच्या ठेवींवरचं किंवा रोख्यांवरचं व्याज यात येत नाही.

व्याज किती, यावर आमचा जरा वाद झाला. आई म्हणाली, "अगं, एवढं व्याज माझ्या खात्यात आलंच नाही." पासबुकात खरंच नव्हतं, कारण दोन ठेवी चक्रवाढीच्या होत्या, त्यांचं व्याज मुदत संपल्यावरच हातात येणार. बँक मात्र ते दरवर्षी जमा धरते आणि त्यावर कर कापते. आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण उघडलं तेव्हा ठेवींचं व्याज १,५२,००० आणि त्यावर कापलेले १५,२०० दिसले. बचत खात्याचे ८,००० वेगळे. हे १,६०,००० आधी 'इतर उत्पन्न' म्हणून पूर्ण दाखवायचे आणि मग वजावटीच्या रकान्यात ५०,००० लिहायचे. उत्पन्नातूनच परस्पर कमी करून लिहिलं की विवरणाशी आकडा जुळत नाही.

पेन्शन ७,२०,००० धरून एकूण ८,८०,००० झाले. नवीन करप्रणालीत ८०टीटीबी नाहीच. तिथे पेन्शनची ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन कर ३१,७२० येत होता. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, पीपीएफ आणि विम्याचे दीड लाख, आरोग्य विम्याचे ४०,००० वजा केले. वर ८०टीटीएचे आठ हजारच लावले असते तर कर ३७,८५६. म्हणजे नवीनच बरी वाटली असती. ८०टीटीबीचे पूर्ण ५०,००० लावल्यावर करपात्र रक्कम ५,९०,००० आणि कर २९,१२० आला. जुनी प्रणाली २,६०० रुपयांनी स्वस्त पडली.

आता नवीन प्रणाली आपोआप निवडलेली असते. जुनी हवी तर फॉर्मच्या सुरुवातीलाच नवीनमधून बाहेर पडतो असं उत्तर द्यावं लागतं, आणि विवरणपत्र मुदतीतच जायला हवं. उशीर झाला की हा पर्याय जातो. म्हणून मी ऑगस्टमध्येच भरून टाकलं. कापलेले १५,२०० जाऊन उरलेले १३,९२० 'e-Pay Tax' मधून भरले. एवढी बाकी पाहून आगाऊ कर न भरल्याचं व्याज लागेल अशी धास्ती होती. लागलं नाही, कारण धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कराचं बंधनच नाही. इथेही ते अकरा दिवस कामी आले.

२०२५-२६ चा हिशेब मात्र वेगळा निघाला. नवीन प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य झाल्यामुळे आईला ८०टीटीबीची गरजच उरली नाही. बँकेने आता कर कापू नये म्हणून फॉर्म १५एच द्यायचा होता. ज्येष्ठांसाठी कपातीची मर्यादा वर्षाला एक लाख झाली असली तरी तिचं ठेवींचं व्याज त्याहून जास्त. तो फॉर्म तिने स्वतः शाखेत जाऊन भरला आणि पोचपावती तेवढी मला आणून दिली.