तुम्ही विचारलंत म्हणून: द्राक्षांच्या घडासाठी रील, कॅरोसेल की स्टोरी?

"आमच्या बागेतली द्राक्षं आम्ही थेट नाशिकमध्ये घरोघरी देतो. इन्स्टाग्रामवर कधी रील टाकायचं, कधी कॅरोसेल, कधी स्टोरी आणि कधी नुसता फोटो, हे ठरवायचं कसं?"

दिंडोरी आणि निफाडकडचे बागायतदार हंगामाच्या तोंडावर मला हे हमखास विचारतात आणि माझा प्रतिप्रश्न ठरलेला असतो: पाहणारा माणूस तुम्हाला आधीपासून ओळखतो का, आणि पाहून झाल्यावर त्याने नेमके काय करावे असे तुम्हाला वाटते? याचे उत्तर मिळाले की प्रकार बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

ऑर्डर घेण्यापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक गफलत तिथेच होते. "शनिवारी माल येतोय, आजच नोंदवा" असे रील टाकले जाते. रील मात्र प्रामुख्याने अनोळखी लोकांपर्यंत जाते आणि कितीतरी दिवस फिरत राहते. परिणामी शनिवार उलटून गेल्यावर, जिथे तुमची गाडी कधीच पोहोचणार नाही अशा गावांतून "भाव काय?" अशा कमेंट येत राहतात. याउलट स्टोरी मुख्यतः तुमचे फॉलोअर पाहतात आणि ती २४ तासांत नाहीशी होते, म्हणूनच ती ऑर्डरसाठी योग्य आहे. गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता स्टोरी टाकावी, शुक्रवारी ६ वाजता ती जाईल तेव्हाच नोंदणी बंद करावी आणि शनिवारी पहाटे तेवढाच माल खुडावा. पहिल्या स्टोरीत वेलीवरचा घड दाखवावा. दुसरीत भाव, गंगापूर रोड किंवा इंदिरानगर असे पोहोचवण्याचे भाग आणि व्हॉट्सअॅपचे लिंक स्टिकर द्यावे. पोस्टखालच्या मजकुरात लिहिलेली लिंक सहसा दाबता येत नाही, स्टोरीतली येते. ऑर्डरच्या बाबतीत हा फरक मोठा आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. द्राक्षांवरची पांढरट पावडर पाहून "औषध मारलेले दिसते" म्हणून गिऱ्हाईक घड परत ठेवते. वास्तविक तो थर बहुधा फळाच्या स्वतःच्या मेणाचा असतो आणि मण्यातला ओलावा टिकवतो. हा एकच विषय रील आणि कॅरोसेल अशा दोन्ही प्रकारे मांडता येतो, परंतु दोन्हींचे काम वेगळे आहे.

रीलमध्ये अंगठ्याने मणी पुसताच तो चकचकीत होतो, एवढेच जवळून दाखवावे. ही कृती पहिल्या दोन सेकंदांतच दिसली पाहिजे. बागेच्या फाटकापासून चालत आत येण्यात वेळ घालवला तर पाहणारा पुढे सरकतो. तारीख आणि भाव त्यात घालू नयेत. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते की, अनोळखी लोकांपर्यंत पोहोचण्यात, लोक ती गोष्ट इतरांना किती पाठवतात याला विशेष वजन असते. "आई, हे बघ" म्हणून पाठवावेसे वाटेल, इतके ते रील नेमके हवे.

पण रील पाहिलेल्या माणसाच्या मनात लगेच पुढची शंका येते: मग औषधाचा डाग ओळखायचा कसा? तिचे उत्तर थांबून वाचावे लागते, म्हणून ते कॅरोसेलमध्ये द्यावे. पहिल्या चित्रावर प्रश्न आणि घडाचा जवळचा फोटो असावा. दुसऱ्यावर अर्धा पुसलेला मणी दाखवून "हा थर द्राक्षाच्या मेणाचा आहे, तो सारखा पसरलेला असतो" असे पूर्ण वाक्य द्यावे. तिसऱ्यावर फवाऱ्याचा थेंब सुकून राहिलेला ठिपका दाखवावा आणि तिथेच स्पष्ट लिहावे की औषधाचा अंश आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते. चौथ्यावर घड न धुता फ्रीजमध्ये ठेवून खाण्याच्या वेळी धुण्याची सूचना पुरे. वीस चित्रांची सोय असली, तरी या विषयाला चारच लागतात. दुसऱ्या चित्राविषयी मी आग्रही आहे, कारण एखाद्याने पहिले चित्र न सरकवता सोडून दिले, तर इन्स्टाग्राम काही वेळा तीच पोस्ट त्याला दुसऱ्या चित्रापासून पुन्हा दाखवते. तिथे "पुढे पाहा" एवढेच लिहिले असेल, तर ती संधी वाया जाते.

यश मोजतानाही लाइक बाजूला ठेवावेत. रीलसाठी फॉलोअर नसलेल्यांचे प्रमाण आणि पाठवणाऱ्यांची संख्या पाहावी, कॅरोसेलसाठी किती जणांनी सेव्ह केले ते, आणि स्टोरीसाठी लिंक दाबणारे व उत्तर देणारे किती ते. कॅरोसेल पुष्कळ सेव्ह झाले पण ऑर्डर आली नाही, तर त्यात कॅरोसेलचा दोष नाही; त्या आठवड्याची स्टोरी तपासावी.

साध्या फोटोला मी एकच काम देते. वाण, पेटीचे वजन, पोहोचवण्याचे भाग आणि संपर्क एवढे लिहिलेला एक फोटो प्रोफाइलवर सर्वांत वर पिन करावा, कारण रील पाहून आलेला अनोळखी माणूस आधी तिथेच पोहोचतो. भाव दर आठवड्याला बदलतो, म्हणून तो या फोटोवर छापू नये, आणि बाग रिकामी झाली की त्याच दिवशी हा फोटो काढून "या हंगामाचा माल संपला" असा दुसरा लावावा.